सुपारीवर बांधलेला भाव

केडगाव स्टेशनच्या बाहेर, रसवंतीच्या पलीकडे, रखमाजी सोनारांचं दुकान होतं. दुकान कसलं, आठ बाय दहाची खोली. मागच्या दारानं घरात जायची वाट. पुढं फळी, फळीवर पितळी तराजू, बाजूला ऐरण आणि मातीनं लिंपलेली शेगडी. साठी उलटलेले रखमाजी मांडी घालून बसायचे, नाकावर चष्मा, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. तारेचा एवढासा तुकडा ते चिमट्यात धरायचे तेव्हा त्यांचे हात त्यांच्याहून वीस वर्षांनी तरुण वाटायचे.

भांडगावपासून भीमेपलीकडच्या वडगाव रासाईपर्यंतची माणसं त्यांच्याकडं यायची. पुण्याच्या मोठ्या पेढ्यांतून काचेआड सजवलेलं सोनं मिळतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण रखमाजींकडं एक गोष्ट मिळायची जी तिथं मिळत नसे. ते भाव बांधून द्यायचे.

भाव बांधायची रीत त्यांच्या आज्यापासूनची. लग्न ठरलं की गिऱ्हाईक येई, दागिने सांगे आणि तराजूच्या डाव्या पारड्यात एक अख्खी सुपारी आणि एक रुपया ठेवी. रखमाजी उजव्या पारड्याला बोट लावत आणि त्या दिवसाचा भाव तीनदा मोठ्यानं म्हणत. झालं. मग लग्न तीन महिन्यांनी असो, भाव तोच. वर चढला तर सोनार सोसणार, खाली आला तर गिऱ्हाईक सोसणार. दागिने हाती पडले की सगळे पैसे चुकते व्हायचे आणि तीच सुपारी अडकित्त्यानं फोडून दोघं अर्धी अर्धी खायचे. कागद नाही, सही नाही.

वर्षानुवर्षं यात काही जोखीम आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. नव्वद ते दोन हजार, दहा वर्षं सोनं चार-पाच हजारांच्या आसपास रेंगाळत होतं. शंभर वर, पन्नास खाली. पुढं चढलं तेही हळूहळू. रखमाजी आधी ऑर्डर घ्यायचे, सोनं मागून सवडीनं आणायचे. पुण्याचा ठोक व्यापारी पंधरा दिवसांच्या उधारीवर माल द्यायचा. लवकर उचलला तर गिऱ्हाइकाच्या आधी त्याला पैसे द्यायची वेळ यायची, म्हणून उशिरा उचलणं हेच शहाणपण.

एकदाच काय तो भाव बराच खाली आला होता. सत्त्याण्णव साली वडगाव रासाईच्या हरिबांनी बहिणीच्या लग्नासाठी चार हजार आठशेनं भाव बांधला, आणि दागिने होईपर्यंत बाजार चार हजार तीनशेवर आला. हरिबा धनगर माणूस, तेव्हा वर्षातले आठ महिने मेंढरांमागं रानात. रखमाजी स्वतःहून म्हणाले होते, "हरिबा, तोळ्यामागं दोनशे कमी द्या, चालंल." हरिबांनी नोटा फळीवर मोजून ठेवल्या, पुऱ्या चार हजार आठशेच्या हिशेबानं. म्हणाले, "मामा, सुपारी आमीच ठिवली व्हती न्हवं?" आणि आपली अर्धी सुपारी तोंडात टाकून निघून गेले.

रखमाजी ही गोष्ट पुष्कळदा सांगायचे. आपल्याच घरातला दागिना दाखवावा तशी.

घरात दागिन्यांचा असा एकच डबा होता. पितळेचा, पानाच्या डब्याएवढा. त्यात मुलगी अनुपमा हिचं चार तोळे सोनं होतं. अडीच तोळ्यांच्या दोन बांगड्या, पाऊण तोळ्याची ठुशी आणि पाऊण तोळ्याची कानातली. हे चार तोळे जमवायला रखमाजींना चौदा वर्षं लागली होती. दरसाल दिवाळीला मजुरीतून थोडं बाजूला काढायचं, आषाढात काम नसताना घडवायचं. ठुशीचे मणी त्यांनी तीनदा मोडून परत केले होते. अनुपमा आता चोवीस वर्षांची, गावातल्या बालवाडीत शिकवायची. शिरूरच्या विक्रमशी तिची सोयरीक ठरत आली होती. मुलगा रांजणगावच्या कारखान्यात कायम होता. त्याच्या आईनं बोलणीत एवढंच म्हटलं होतं, "आमचं काई मागनं न्हाई. सोनाराची लेक हाय, चार तोळं तर आंगावर असंलच." रखमाजींनी मान डोलवली होती. असणारच होतं. डब्यातच होतं.

ही सगळी गोष्ट दोन हजार सात सालची.

श्रावणात, नागपंचमीच्या आसपास, सोनं एकदम उतरलं. अमेरिकेत घरांच्या कर्जांचा काही घोळ झाला होता, शेअरबाजार कोसळला होता, आणि रोकड उभी करायला लोक मिळेल ते विकत होते, सोनंसुद्धा. तोळ्याचा भाव पावणेनऊ हजारांवर आला. भांडगावचे कोंडिबा लगेच फटफटीवर हजर झाले. कोंडिबा सोसायटीचे संचालक, पांढऱ्या कपड्यातले, बोलण्यात गूळ.

"रखमाजी, मोनिकाचं लगीन कार्तिकात काढलंय. चोवीस तोळं. आज उतरलाय म्हनं भाव?"

"उतरलाय. आजून उतरंल असं वाटतंय."

"मंग तुमचा फायदाच की! आमी काय, आजच्यावर खूश हाय." त्यांनी खिशातून सुपारी काढली. घरून निघतानाच आणली होती.

चार दिवसांनी हरिबा आणि त्यांची बायको तानुबाई आले. त्यांच्या लेकीचं, पूनमचं लग्नही कार्तिकातच होतं. हरिबांनी शेवटचा कळप विकला होता. आता घोडनदीच्या कालव्याखाली दोन एकर ऊस होता आणि मेंढरं सांभाळायला घरात कुणी तयार नव्हतं. तानुबाई फळीपाशी बसल्या आणि तराजूकडं बघत राहिल्या.

"आठ तोळं," हरिबा म्हणाले. "मेंढरांचं पैसं आलं ते सगळं ह्यातच."

"एक ठिवा म्हनलं व्हतं मी," तानुबाई म्हणाल्या. "एक तरी."

"एका मेंढराचा कळप व्हतोय व्हय?"

तानुबाईंनीच कनवटीची सुपारी काढून पारड्यात ठेवली. रखमाजींनी तीनदा म्हटलं, "आठ हजार सातशे पन्नास."

बत्तीस तोळे झाले. एवढं काम एका हंगामात त्यांना कधी मिळालं नव्हतं. त्या संध्याकाळी बायको सारजाबाईंना ते म्हणाले, "ह्या वक्ताला अनुचंबी उरकून टाकू."

संध्याकाळी अनुपमा त्यांना पेपर वाचून दाखवायची. ऑगस्ट सरत असताना एकदा ती आतल्या पानावर थांबली.

"आप्पा, अमेरिकेची मुख्य बँक व्याज कमी करणार आहे म्हणे. अठरा सप्टेंबरला त्यांची बैठक आहे. व्याज कमी झालं की सोनं वाढतं, असं लिहिलंय."

"केलं का कमी?"

"नाही. शक्यता आहे, असं आहे."

"शक्यता म्हंजी आजून झालं न्हाई." रखमाजींनी कॅलेंडरकडं पाहिलं. "मंग सतरा तारखेला माल उचलायचा. तवर हाय त्यो भाव, उतरला तर बरंच."

हे त्यांनी अडाणीपणानं म्हटलं नव्हतं. सोन्याचा भाव कसा हलतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, आणि त्यांनी पाहिलेलं असं होतं: दिल्लीत बजेट येतं, सोन्यावरचा आयात-कर वाढतो, दुसऱ्या दिवशी पुण्यात भाव वाढतो. एका वर्षी त्यांनी बजेटच्या आदल्या दिवशी माल उचलला होता आणि दुसऱ्या दिवशी पेढीवरचे लोक त्यांच्याकडं बघत राहिले होते. हुकूम निघतो, मग भाव हलतो. हुकमाच्या आदला दिवस साधला की झालं. एवढं गणित त्यांना पुरत आलं होतं.

सप्टेंबर लागला तसा भाव थोडा थोडा चढू लागला. आठ हजार नऊशे. नऊ हजार. अमेरिकेत नोकऱ्या कमी झाल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ हजारांच्या वर. अनुपमा रोज वाचून दाखवायची.

"आप्पा, आणताय का आत्ताच?"

"आजून बैठक तर झाली न्हाई. कशाच्या जिवावर चढतोय? हवा हाय नुसती. बसंल खाली."

सारजाबाई भाकरी थापत आतून म्हणाल्या, "हवेनं पत्रंबी उडत्यात."

"तू चुलीकडं बघ."

"चुलीकडंच बघतीय. पंचवीस वर्सं झाली."

सतरा सप्टेंबरला सोमवार होता. गणपती बसून दोन दिवस झाले होते. रखमाजी सकाळच्या शटलनं पुण्याला गेले. सोन्या मारुती चौकाकडं जाताना जागोजाग मांडव, वाजवणारी पोरं, रस्ता बंद. रविराजच्या पेढीवर पोचायला त्यांना साडेअकरा वाजले. रविराज हा त्यांच्या जुन्या व्यापाऱ्याचा मुलगा, वडिलांमागं गादीवर बसलेला, तिशीतला. भिंतीवर टीव्ही, टीव्हीच्या तळाशी आकडे पळत होते.

"या काका. प्रसाद घ्या. किती देऊ?"

"भाव काय?"

"नऊ हजार तीनशे."

रखमाजी बसले नाहीत. "बैठक तर उद्या हाय ना?"

"उद्या. आपल्याकडं रात्री पावणेबाराला कळेल."

"मंग आजच कसा वाढला?"

रविराज हसला, पण त्या हसण्यात टिंगल नव्हती. त्यानं त्यांना खुर्ची दिली. "काका, सोनं व्याज देत नाही. अमेरिकेत बँकेत डॉलर ठेवला तर पाच टक्के सुटतात, मग सोनं धरून बसणाऱ्याचं तेवढं बुडतं. व्याज उतरलं की ते बुडणं कमी होतं, डॉलरही हलका पडतो. म्हणून सोन्याला मागणी. बरोबर?"

"व्हय. पन उतरल्यावर."

"भांडगावला हायवेच्या कडेला कारखाना येणार अशी नुसती कुणकुण लागली होती. जमिनीचे भाव कधी चढले? मोजणीवाले आल्यावर, की आधी?"

रखमाजींनी ते पाहिलं होतं. मोजणीवाले आले तेव्हा कोंडिबांचे दोन एकर घेऊन झाले होते.

"तसंच आहे. उद्या व्याज उतरेल असं ज्याला वाटतं तो उद्यापर्यंत थांबत नाही, आजच घेतो. त्याच्याही आधी दुसरा घेतो. असं करत करत बातमी यायच्या आधीच ती भावात जाऊन बसते. गेला महिनाभर हेच चाललंय. वर रुपया वधारलाय म्हणून आपल्याला कमी लागलं, नाहीतर आणखी चढलं असतं."

"आन् उद्या त्यांनी व्याज उतरवलंच न्हाई तर?"

"तर खाली येईल. ज्यांनी आशेवर घेतलंय ते विकायला धावतील."

"पाव टक्का उतरवला तर?"

"बहुतेकांनी तेवढं धरलंच आहे. मग फार हलणार नाही. कदाचित थोडा खालीसुद्धा येईल." रविराजनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "काका, तुम्ही किती बांधून बसलाय?"

"बत्तीस."

"बाप रे. कितीनं?"

रखमाजींनी आकडा सांगितला. रविराज म्हणाला, "आज घ्या. पदरचे जातील थोडे, पण मोकळे व्हाल."

रखमाजी टीव्हीकडं बघत बसले. तिथले आकडे वाचता येण्याआधीच पुढं सरकत होते. बत्तीस तोळ्यांवर साडेपाचशेनं होणारा तोटा त्यांनी मनात मांडला. सगळी मजुरी जाऊन वर पदरचं. आणि त्यांना रविराजच्या बोलण्यातलं एवढंच धरून ठेवावंसं वाटलं: नाहीच उतरवलं तर खाली येईल. पाव टक्काच उतरवलं तरी थोडं खाली येईल. दोन वाटा त्यांच्या बाजूच्या होत्या.

"परवा येतो," ते म्हणाले.

"काका—"

"परवा येतो."

अठराच्या रात्री अमेरिकेच्या बँकेनं व्याज अर्ध्या टक्क्यानं कमी केलं. बहुतेकांनी धरलं होतं त्याच्या दुप्पट. जे धरलेलं होतं ते भावात आधीच होतं. जे धरलेलं नव्हतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. भाव साडेनऊ हजारांच्या आसपास.

त्या दिवशी घरात गौरींच्या नैवेद्याची गडबड होती. अनुपमानं पेपर घडी करून ठेवून दिला. दुपारी रखमाजी दुकानात बसून एक तुटलेलं जुनं पैंजण झाळून सांधत होते. झाळ दोनदा निसटली.

मग ते पितृपक्षाची वाट बघू लागले. त्या पंधरवड्यात आपल्याकडं कुणी सोनं घेत नाही, पेढ्या ओस पडतात, भाव नरम होतो, असा त्यांचा आणि त्यांच्या बापाचा अनुभव. पेढ्या ओस पडल्याही. भाव मात्र पडला नाही. जिथं तो ठरत होता तिथल्या लोकांना पितर आठवायचे नव्हते. ऑक्टोबरात परत पेपरात आलं: महिनाअखेरीला पुन्हा बैठक आहे, पुन्हा कपात होईल असा अंदाज. रखमाजींनी अनुपमाच्या हातून पेपर घेतला आणि ती ओळ स्वतः, बोट ठेवून, वाचली.

"आता चढंल," ते म्हणाले. "आजपासनंच चढंल. हुकूम निघायच्या आदी."

तसंच झालं. दसऱ्याला नऊ हजार सातशेच्या पुढं. ते रोज सकाळी भाव ऐकायचे आणि मान हलवायचे, एखादं गणित सुटल्यासारखी. आता त्यांना सगळं कळत होतं. उपयोग मात्र काहीच नव्हता. एवढ्या भावानं घेऊन बांधल्या भावानं द्यायचं, तर मधलं अंतर कुठून तरी भरायला हवं होतं, आणि ते कुठून भरायचं हे त्यांना माहीत असल्यामुळंच ते पुण्याला जात नव्हते.

एक दिवस ते एसटीनं भांडगावला गेले. कोंडिबा ओसरीवर बसले होते.

"कोंडिबा, भाव लई पुढं गेलाय. तोळ्यामागं पाचशे वाढवून द्या. बाकी मी सोसतो."

कोंडिबांनी चहा मागवला. सावकाश म्हणाले, "रखमाजी, भाव उतरला आसता तर तुमी मला पाचशे परत दिलं आसतं का?"

"सत्त्यान्नवला मी हरिबाला म्हनलं व्हतं."

"घेतलं का त्यानं?"

रखमाजींनी चहाची बशी खाली ठेवली.

"न्हाई ना घेतलं? मंग मी कसं देऊ? आमची काय इज्जत राहील? आन् तुमची?" कोंडिबा मोठ्यानं हसले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. "चांगली भरीव करा पाटली. पोरीचं लगीन हाय."

हरिबांकडं जायचा प्रश्नच नव्हता. सारजाबाईंनी एकदा विचारून पाहिलं. "आठ तोळं हायेत त्यांचं. शब्द तर टाका."

"त्या मानसाकडं?" रखमाजी म्हणाले. एवढंच.

थोड्या वेळानं सारजाबाई म्हणाल्या, "मंग कुनाचं मोडनार हाय ते सांगा. आयकू तरी द्या आमाला."

अनुपमा उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले, पुन्हा चालू झाले.

तीस ऑक्टोबरला, दुसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी, रखमाजी पुण्याला गेले. भाव दहा हजार.

"उद्याच्यापरीस आजच घेतो," ते रविराजला म्हणाले. "पावनेएकोनतीस द्या."

"बत्तीस होते ना काका?"

"बाकीचं घरात हाय."

सोन्याच्या तुकड्यांची पुडी बांधताना रविराजनं दोरा दोनदा गुंडाळला.

बांधल्या भावानं जे पैसे येणार होते, ते आणि सगळी मजुरी मिळून पावणेएकोणतीसच तोळ्यांची उधारी फिटत होती. सव्वातीन तोळे रखमाजींनी पदरचे घालायचे होते. अडीच आणि पाऊण, सव्वातीन. बांगड्या आणि ठुशी.

बैठकीत व्याज पाव टक्क्यानं उतरलं, सगळ्यांनी धरलं होतं तेवढंच. दुसऱ्या दिवशी भाव फारसा हलला नाही. अनुपमानं वाचून दाखवलं तेव्हा रखमाजी म्हणाले, "कुठनं हलंल. समदं आदीच झालंय." मग त्यांनी तिला दुकानात बोलावलं आणि मधलं दार लावून घेतलं.

शेगडीत कोळसा फुलला होता. सोनं वितळवायची मूस तापत ठेवली होती. डबा त्यांच्या मांडीजवळ उघडा होता.

"आप्पा, मी बाहेर जाऊ का?"

"न्हाई. तुझं हाय. तुझ्यासमोर व्हऊ दे."

बांगड्या त्यांनी कात्रीनं कापल्या. सोनं मऊ, पण त्यांना जोर लावावा लागला. ठुशीचा धागा तोडला तेव्हा मणी फळीवर पसरले आणि एक खाली गेला. दोघं वाकून शोधू लागले. त्या वाकण्यात रखमाजींचा चष्मा पडला. मणी अनुपमाला सापडला. तिनं तो तळहातावर थोडा वेळ ठेवला, मग स्वतःच मुशीत टाकला.

"सवागी टाक चिमूटभर," रखमाजी फुंकणी तोंडाला लावत म्हणाले. तिनं मळ काढणारी ती पांढरी पूड टाकली. आधी मणी काळवंडले, मग त्यांचे काठ वितळले, मग कोणता मणी आणि कोणती बांगडी हे कळेनासं झालं. चौदा आषाढ एका थेंबाएवढे होऊन मुशीच्या तळाशी थरथरले. रखमाजींनी सांडशीनं मूस उचलून साच्यात रिकामी केली. त्यांचा हात नेहमीसारखाच स्थिर होता.

त्या महिन्यात त्यांनी जे काम केलं ते पाहिलेले लोक अजून सांगतात. मोनिकाच्या पाटल्या, पूनमचा राणीहार. हाराच्या एका पदरात अनुपमाच्या बांगड्या होत्या, पण कुठल्या पदरात ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कोंडिबांनी दागिने वजन करून घेतले, दोनदा. पैसे चुकते केले, सुपारी फोडून खाल्ली, आणि जाता जाता म्हणाले, "आज साडेधा हजार हाय म्हनं. आमचं नशीब!"

हरिबा आणि तानुबाई दुसऱ्या दिवशी आले. तानुबाईंनी हार हातात घेतला नाही, फळीवरच बोटानं सरकवून पाहिला. "लई झालं काम, मामा," त्या म्हणाल्या. "आमचं मानूस मेंढराच्या गळ्यात घुंगरू बांधायचं, तेबी असंच जपून." हरिबांनी नोटा काढल्या. मोजून झाल्यावर थांबले.

"मामा, एक इचारू? बाजारात भाव लई वर गेलाय म्हंत्यात. तुमाला तोटा तर न्हाई ना झाला?"

आतल्या दाराशी सारजाबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"न्हाई," रखमाजी म्हणाले. "सोनं घरात व्हतं."

अडकित्त्यानं सुपारी फुटली. हरिबांनी अर्धी त्यांच्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः घेतली. रखमाजींनी आपली अर्धी तोंडात टाकली आणि हरिबा-तानुबाई रसवंतीच्या वळणापलीकडं जाईपर्यंत ती न चावता तशीच धरून ठेवली.

पौषाआधी शिरूरची माणसं आली. अनुपमानं कानातली घालून चहा दिला. विक्रमच्या आईनं तिच्या मोकळ्या मनगटांकडं पाहिलं, मग गळ्याकडं, मग रखमाजींकडं. निघताना म्हणाल्या, "पोराचं यंदाचं वरीस जरा जड हाय म्हनत्यात. बघू पुढं." रखमाजी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर दुकानातच बसले.

जानेवारीत पेपरात पुन्हा अंदाज आला. व्याज आणखी उतरणार, बैठक महिनाअखेरीला. चढत चाललेला भाव बघून लोक घाबरले होते, आणि एका मागोमाग एक केडगावला येऊ लागले. उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी, आजच बांधून द्या म्हणून. एकजण तर तराजूच्या पारड्यात सुपारी ठेवून मोकळा झाला. रखमाजींनी ती उचलून त्याच्या हातात परत दिली.

"का वो मामा?"

"बांधत न्हाई आता."

"आवो पन तुमी न्हाई तर कोन बांधनार?"

तो गेल्यावर अनुपमा आतून आली. तिनं कानातली काढून हातात घेतली होती. ती तिनं डाव्या पारड्यात ठेवली, दोन्ही, शेजारी शेजारी. पारडं खाली गेलं.

"आप्पा, ही विकायची असली तर आज विकायची, की महिनाअखेरीला?"

रखमाजींनी तिच्याकडं पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. बालवाडीच्या पगारात घर चालत नव्हतं आणि भाव बांधणं थांबल्यावर दुकानात आता काम नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. आणि या खेपेस ते उत्तर त्यांना माहीत होतं, किंवा निदान कुठं शोधायचं ते माहीत होतं: बैठकीत नाही, बैठकीआधीच्या भावात.

त्यांनी उजव्या पारड्याला बोट लावलं. दोन्ही पारडी एका पातळीत आली. ते बोट तसंच राहिलं, आणि एरवी तीनदा म्हणायचा तो भाव त्यांच्या तोंडून एकदाही निघेना.